प्रत्येक बाबीला वेगळा RAND() देऊ नकोस

बांधकामाच्या खर्चाचा अंदाज काढायच्या तुझ्या शीटमध्ये प्रत्येक बाबीला स्वतंत्र RAND() आहे, घोळ आहे तो इथेच. समज, घराच्या बांधकामात सिमेंट, स्टील, मजुरी प्रत्येकी कमीत कमी 9, बहुधा 10, जास्तीत जास्त 14 लाख, त्रिकोणी वितरण. तिघांना स्वतंत्र RAND() देऊन, D मध्ये तिघांची बेरीज घेऊन 5000 ओळी चालवल्या, की

```
=PERCENTILE.INC(D2:D5001,0.8)
```

साधारण साडेचौतीस लाख दाखवतं, म्हणजे 80 टक्के ओळींत बेरीज याच्या आत राहते. एका ओळीत सिमेंट चढलं तरी स्टील उतरलेलं असू शकतं, मग बेरीज सावरते. प्रत्यक्षात काम रखडलं की बहुतेकदा तिन्ही एकदमच चढतात. म्हणून प्रत्येक ओळीत तिघांना एकच RAND() देऊन बघ: तोच आकडा साधारण 36 लाखांपर्यंत जातो. खरा आकडा बहुधा या दोन्हींच्या मधला. मी तरी 36 च्या जवळ राहीन. नुसत्या ‘बहुधा’ची बेरीज, 30 लाख, मालकाला सांगूच नकोस, सरासरीच 33 लाख येते.