परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत जा

अभ्यासाचे वेळापत्रक करूनही शेवटची प्रकरणे दर वेळी परीक्षेच्या आदल्या रात्रीवर येऊन पडतात, ही तुमची अडचण आहे. तुम्ही वेळापत्रक आजपासून पुढे आखत आहात आणि त्यामुळेच असे होते, असे मला वाटते. समजा, पेपर 20 तारखेला आहे आणि हातात 6 ते 19 असे चौदा दिवस आहेत. प्रथम 19 तारीख केवळ स्वतःच्या टिपणांसाठी राखा, 17 ला वेळ लावून पूर्ण सराव प्रश्नपत्रिका सोडवा आणि 18 ला तिच्यातील चुका तपासा. त्यानंतर 10 व 16 हे दोन दिवस मुद्दाम कोरे ठेवा, कारण एखादे प्रकरण रेंगाळणार हे जवळजवळ ठरलेलेच असते. आता नऊ दिवस उरले. रोज दोन बैठका धरल्या, तर अठरा बैठका होतात.

मग अभ्यासक्रमाची यादी घ्या. प्रत्येक प्रकरणातील एक जुना प्रश्न पुस्तक मिटून सोडवा आणि जिथे अडाल तिथेच खूण करा. ‘हे येते’ या भावनेवर विसंबू नका, ती वाचलेले ओळखीचे वाटल्यानेही येते. चौदा प्रकरणांपैकी चार कच्ची निघाली, तर त्यांना प्रत्येकी दोन आणि उरलेल्या दहांना एकेक बैठक दिल्यावर हिशेब बरोबर जुळतो. कच्च्या प्रकरणाच्या दोन बैठका लागोपाठ मात्र ठेवू नका. पहिली 7 ला असेल तर दुसरी 13 च्या सुमारास घ्या, म्हणजे मधल्या काळात काय विसरले ते उघड होते. कच्ची प्रकरणे सहा निघाली, तर दोन बैठका कमी पडतील. अशा वेळी पक्क्या प्रकरणांच्या दोन जोड्या करून प्रत्येक जोडी एकाच बैठकीत उरका, पण कोऱ्या दिवसांना हात लावू नका.