परदेशात कळण्याच्या भाकरीसाठी उडीद कोणत्या नावाने मिळतील?

प्रश्न: मी जळगावची, सध्या परदेशात. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या भाकरीसाठी उडीद हवेत, पण दुकानात ‘ब्लॅक’ नावाची तीन-चार कडधान्यं दिसतात. कोणतं घेऊ?

उत्तर: ‘ब्लॅक ग्रॅम’ किंवा ‘उरद होल’ लिहिलेलं पाकीट घ्या. ‘ब्लॅक लेंटिल’वर विसंबू नका. भारतीय दुकानात त्या नावाखाली उडीद मिळतात, पण इतरत्र बहुधा काळी मसूर असते. दाणा बघा: उडीद लांबट, कडेला पांढरा डोळा, फोडला की आत पांढरट. मसूर चपटी, भिंगासारखी. तरीही शंका असेल तर पाकिटावर ‘विग्ना मुंगो’ हे शास्त्रीय नाव शोधा.

‘ब्लॅक बीन्स’ मात्र अजिबात नको. ते राजम्याच्या जातीचे आहेत. नीट उकळल्याशिवाय पोटाला बाधतात आणि त्यांचं पीठ भाकरीत तेवढं शिजत नाही. ‘ब्लॅक चिकपी’ म्हणजे आपले काळे हरभरे.

ज्वारी ‘सॉर्घम’ नावाने मिळते. नुसतं ‘मिलेट’ लिहिलेलं घेऊ नका, ती बहुधा वरी निघते. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद, थोडं मीठ, आणि एकत्र दळा. दळायची सोय नसेल तर ज्वारीचं तयार पीठ आणून फक्त उडीद मिक्सरमध्ये बारीक करून चाळून मिसळा. सोललेली पांढरी डाळ घेतलीत तर कळण्याचा रंग आणि चव येत नाही.