पाटीवर ‘वैधता’ लिहू की ‘मुदत’?

प्रश्न: दर्यापूरकडे माझं मोबाइलचं दुकान आहे. दिवाळीच्या ऑफरची पाटी अशी केली: “अनलिमिटेड कॉल आणि डेटा रोज २ जीबी. ५ जीबी जादा. वैधता ३१ ऑक्टोबरपर्यंत, २८ दिवस. एफयूपी लागू.” गिऱ्हाईक विचारतात, “भाऊ, हे ३१ लेच बंद होते का?” ‘वैधता’ऐवजी ‘मुदत’ लिहिलं तर चालेल का? आणि एफयूपीला मराठीत काय म्हणावं?

‘मुदत’ चालेल, पण नुसता शब्द बदलून गिऱ्हाइकाचा प्रश्न सुटणार नाही. तुमच्या ओळीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात बसवल्या आहेत. ३१ ऑक्टोबर ही ऑफर घेण्याची शेवटची तारीख आहे आणि २८ दिवस हा पॅक चालण्याचा काळ. २० तारखेला रिचार्ज मारणाऱ्याला वाटतं, आपलं नेट अकरा-बारा दिवसांतच जाणार. ३० तारखेला आलेला तर पाटी वाचूनच परत फिरतो.

‘मुदत’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून ‘वैधता’पेक्षा बरा. पण त्यालाही दोन तोंडं आहेत. “पीकविमा भरायची मुदत संपली” म्हणतो तेव्हा शेवटची तारीख डोळ्यांपुढे असते. “पाच वर्षं मुदतीचं कर्ज” म्हणतो तेव्हा काळ. दोन्ही वापर शुद्ध मराठी आहेत, म्हणूनच पाटीवर नुसती ‘मुदत’ लिहिली की घोळ तसाच राहतो. अशा वेळी नाम सोडून क्रियापद घ्यावं. “३१ ऑक्टोबरपर्यंत रिचार्ज करा” आणि “रिचार्ज केल्यापासून २८ दिवस चालेल”, अशी दोन वाक्यं, दोन वेगळ्या ओळींत. रिचार्जचा दिवस पहिला धरला, तर २० ऑक्टोबरचा पॅक १६ नोव्हेंबरपर्यंत जातो. तरी तारीख तोंडी सांगताना फोनवर आलेल्या मेसेजमधलीच सांगा, बोटं मोजून नको.

२८ दिवसांना ‘महिनाभर’ मात्र म्हणू नका. बोलताना सगळेच म्हणतात, पण हिशेब वेगळा पडतो. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. याच तक्रारींवरून दूरसंचार नियामक ट्रायने २०२२ मध्ये आदेश काढला, की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा करता येईल असा किमान एकेक प्लॅन ठेवावा. ‘महिना’ हा शब्द त्या दुसऱ्या प्रकारासाठी राखून ठेवा.

आता एफयूपी, म्हणजे ‘फेअर युसेज पॉलिसी’. कंपन्यांच्या मराठीत ‘योग्य वापर धोरण’ किंवा ‘उचित वापर’ असं येतं. मला ते मुळीच पटत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, आपण काहीतरी अयोग्य वापर करणार असा दुकानदाराचा संशय आहे! धोरणाचं नाव सांगू नका, काय होतं ते सांगा. बहुतेक रोजच्या पॅकमध्ये ठरलेला डेटा वापरून झाला की वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि रात्री १२ नंतर पुन्हा पूर्ववत होतो. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. २ एमबीची पीडीएफ उतरवायला चार मिनिटांहून जास्त लागतात, व्हिडिओ तर विसराच. गिऱ्हाईक याला “नेट संपलं” म्हणतं. खरं तर ते संपत नाही, मंदावतं. पाटीवर ‘मंद’ हाच शब्द लिहा, म्हणजे तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी बोलणं सोपं जाईल.

‘अनलिमिटेड’च्या जागेकडेही बघा. “अनलिमिटेड कॉल आणि डेटा” असं लिहिलं की विशेषण दोन्हींना लागतं, मग पुढचे २ जीबी खोटे वाटतात. डेटा आधी आणि कॉल नंतर लिहा. कंपनीच्या जाहिरातीत ‘अनलिमिटेड ५जी’ असेल, तर तो ५जी फोन आणि ५जी टॉवर दोन्ही असतील तिथेच. ४जीवर असलेल्या गावात रोजची मर्यादा लागूच राहते, आणि हे न लिहिणारी पाटी खेड्यात हमखास भांडण लावते.

सणाच्या जादा डेटाचंही तेच. ‘५ जीबी जादा’ म्हणजे रोज की एकदाच? आणि ते कधीपर्यंत? काही जादा पॅक त्याच रात्री १२ वाजता जातात, काही चालू पॅकसोबत संपतात. कंपनीच्या तपशिलात पाहून लिहा.

तुमचा जादा डेटा दुसऱ्या प्रकारचा आहे असं धरून मी पाटी अशी करीन:

“दिवाळी ऑफर. ३१ ऑक्टोबरपर्यंत रिचार्ज करा.
रिचार्ज केल्यापासून २८ दिवस चालेल.
रोज २ जीबी पूर्ण वेगाने, त्यानंतर रात्री १२ पर्यंत नेट मंद.
कॉल कितीही.
जादा ५ जीबी एकदाच, पॅक संपेपर्यंत वापरा.”

‘अटी लागू’ लिहायचं असेल तर खाली लिहा. पण ‘नेट मंद’ची ओळ बाकीच्या ओळींएवढ्याच मोठ्या अक्षरात हवी.