आभाराचा मेल कोऑर्डिनेटरलाही पाठवा, पण नीट

प्रश्न: इंटरव्ह्यूची वेळ ठरवणाऱ्या एचआरच्या मुलीला थँक यू मेल पाठवायचा का? निर्णय तर मॅनेजरच घेतो ना?

पाठवायचा. आणि आधी ते ‘मुलगी’ सोडा, कोऑर्डिनेटर म्हणा.

निर्णय मॅनेजरचाच, पण त्याच्या मागे लागून फीडबॅक फॉर्म भरून घेते ती. “सर, गुरुवारच्या उमेदवाराचा फीडबॅक राहिलाय,” असं सांगताना “वेळ ऐनवेळी बदलली, तरी कुरकुर नाही केली हो,” हेही ती सहज बोलून जाते. मॅनेजरला याची किंमत असते, कारण त्याच्यासमोर तासभर सगळेच गोड वागतात. अमेरिकेतली झॅपोस ही बुटांची कंपनी तर उमेदवाराला आणणाऱ्या शटलच्या ड्रायव्हरलाच विचारायची, की हा तुमच्याशी कसा वागला. याला हांजी हांजी म्हणणाऱ्यांनी सांगावं, ड्रायव्हरची हांजी हांजी करून कुणाला काय मिळतं?

आता मेल. त्याच दिवशी संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाठवा. नवा मेल नको, इंटरव्ह्यूची वेळ कळवली होती त्यालाच रिप्लाय करा. विषयाची ओळ तशीच राहू द्या, म्हणजे तुम्ही कोण हे शोधावं लागत नाही आणि फीडबॅक मागताना तुमचा मेल तिच्या समोरच असतो. मॅनेजरला सीसीत घालू नका, तिथे सगळा देखावा होतो. तीन-चार ओळी पुरे, पण तिने केलेली एक नेमकी गोष्ट त्यात हवीच. समजा अकराचा इंटरव्ह्यू पॅनेलमधल्या कुणामुळे तीनवर गेला, तर असं लिहा:

“नमस्कार मॅडम, आज वेळ बदलल्याचं तुम्ही सकाळी नऊलाच फोन करून कळवलंत, त्यामुळे हेलपाटा वाचला. गेटवर लॅपटॉपची नोंद रिसेप्शनच्या मॅडमनी पटकन करून दिली, त्यांनाही आभार सांगा. धन्यवाद.”

आधीचे मेल इंग्रजीत असतील तर हेही इंग्रजीत लिहा.

रिसेप्शनच्या बाईंचा मेल आयडी आपल्याकडे नसतो, म्हणून त्यांचे आभार असे याच मेलमधून पोचतात. निघताना व्हिजिटर बॅज त्यांच्या हातात द्या, टेबलावर टाकून पळू नका.

घोळ होतो तो शेवटच्या ओळीत. “रिझल्ट कधी कळेल?” असं लिहिलंत की आभार गेले, तगादा राहिला. ते पाच-सहा दिवसांनी वेगळं विचारा. मिठाईचा बॉक्स नको, लगेच लिंक्डइनवर रिक्वेस्टही नको.

हां, टेक्निकल राउंडमध्ये उडालात तर या मेलने काही होत नाही. दोन उमेदवार बरोबरीचे असतील, किंवा नंतर दुसरी जागा निघाली, तर तुमचं नाव चटकन आठवतं, एवढंच. शिवाय आमंत्रण noreply पत्त्यावरून आलं असेल तर रिप्लाय कुणालाच पोचत नाही. त्याच मेलच्या तळाशी बहुधा कोऑर्डिनेटरचं नाव आणि नंबर असतो, तिथे दोन ओळींचा मेसेज टाका, पण ऑफिसच्या वेळेतच.