डिस्चार्ज कार्डाचा खुलासा मागायचा तर कोणत्या ओळींचा

प्रश्न: मूतखड्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं. कार्ड सगळं इंग्रजीत, तेही आद्याक्षरांत. फोन केला की रिसेप्शनवरून "ओपीडीला या" एवढंच सांगतात. मी स्वतः हॉस्पिटलला पत्र लिहून खुलासा मागू शकते का? कसं लिहू? कार्डाचा फोटो नाव झाकून जोडलाय.

उत्तर:

हो, मागू शकता, आणि मराठीतच लिहा. मी बरीच वर्षं एका रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात काम केलंय. अशी पत्रं आमच्याच टेबलावर यायची. "माझं कार्ड समजावून सांगा" असं मोघम पत्र आलं की त्यावर "ओपीडीत भेटावे" असा शेरा पडायचा आणि विषय संपायचा. कार्डातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारलेला प्रश्न मात्र सर्जनकडे पाठवावाच लागायचा, कारण त्याचं उत्तर क्लार्कच्या हातात नसतं. म्हणून तुमच्या कार्डातल्या तीनच ओळी धरू.

पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची: "यूआरएसएल + राइट डीजे स्टेंटिंग". म्हणजे दुर्बिणीतून खडा फोडला आणि उजव्या मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक, लवचिक नळी आत ठेवली. खडा फोडल्यावर मूत्रवाहिनीला सूज येते, बारीक तुकडे अडकतात. अशा वेळी लघवी तुंबू नये म्हणून ही नळी असते. ती आपोआप पडत नाही, विरघळत नाही, काढावीच लागते. बहुतेक वेळा काही आठवड्यांत काढतात आणि साधारणपणे तीन महिन्यांच्या पुढे आत ठेवत नाहीत. राहून गेली तर तिच्यावर क्षार जमून खडा धरतो, जंतुसंसर्ग होतो, मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. मग पाच-दहा मिनिटांत निघणाऱ्या नळीसाठी पुन्हा मोठं ऑपरेशन करावं लागतं.

आता त्याच कार्डाच्या तळाशी काय लिहिलंय पाहा: "फॉलो-अप एसओएस". एसओएस म्हणजे गरज वाटली तर. तुम्हाला काही त्रास नसेल तर तुम्ही जाणारच नाही, आणि नळी मात्र आतच राहील. काढण्याची तारीख कार्डावर कुठेच नाही. सर्जनने तोंडी सांगितलीही असेल, पण भुलीतून उठलेल्या माणसाच्या ते लक्षात राहत नाही.

दुसरी ओळ: "युरिन सी/एस सेंट, रिपोर्ट अवेटेड". लघवीत कोणते जंतू आहेत आणि ते कोणत्या औषधाला दाद देतात हे पाहायला ती कल्चरला पाठवली होती. त्याला साधारण दोन ते तीन दिवस लागतात, म्हणजे तुम्ही घरी आल्यावर रिपोर्ट तयार झाला. तो कोणी पाहिला का, हा खरा प्रश्न आहे. तुम्हाला सेफिक्झिम हे अँटिबायोटिक अंदाजाने सुरू केलंय. रिपोर्टमध्ये औषधांच्या यादीपुढे एस किंवा आर असतं. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो, आर म्हणजे देत नाही. तुमच्या औषधापुढे आर असेल तर औषध बदलायचं का, हे डॉक्टरांनी लगेच ठरवायला हवं.

तिसरी ओळ: "अॅस्पिरिन ७५, होल्ड". रक्तस्राव वाढू नये म्हणून ऑपरेशनच्या आधी ती गोळी थांबवली. पुन्हा कधी सुरू करायची ते लिहिलेलंच नाही. हृदयासाठी गोळी चालू असेल तर ती फार दिवस बंद ठेवणं धोक्याचं असतं, आणि लघवीत रक्त जात असताना स्वतःच्या मनाने सुरू करणंही बरोबर नाही. ज्या डॉक्टरांनी ती मुळात सुरू केली त्यांना आजच फोन करा. पत्राच्या उत्तराची वाट पाहू नका.

पत्र वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने लिहा, एक प्रत सर्जनना. असं:

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
(रुग्णालयाचे नाव व पत्ता)

विषय: डिस्चार्ज कार्डातील नोंदींचा खुलासा व कागदपत्रांच्या प्रती मिळणेबाबत.
संदर्भ: आयपीडी क्र. ____, दाखल दि. ____, डिस्चार्ज दि. ____

महोदय / महोदया,
वरील कालावधीत माझ्यावर आपल्याकडे मूतखड्याची शस्त्रक्रिया झाली. कार्डातील पुढील बाबींचा लेखी खुलासा मिळावा.
१. माझ्या उजव्या बाजूस डीजे स्टेंट ठेवल्याची नोंद आहे. तो कोणत्या तारखेपर्यंत काढणे आवश्यक आहे? त्याआधी एक्स-रे किंवा सोनोग्राफी करायची आहे का? अंदाजे खर्च किती?
२. लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट काय आला? त्यानुसार सध्याचे औषध बदलायचे आहे का?
३. अॅस्पिरिन ७५ थांबवली आहे. ती कधी सुरू करावी?
४. कार्डावर "फॉलो-अप एसओएस" लिहिले आहे. तपासणीची निश्चित तारीख द्यावी.
तसेच ऑपरेशन नोट व कल्चर रिपोर्टची प्रत मिळावी.
आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक)

यात दोन मागण्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात, असं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता नियमांत आहे. खुलाशाला मात्र तशी मुदत नाही. म्हणून प्रती मागाच. ऑपरेशन नोटमध्ये स्टेंट कधी आणि कोणत्या बाजूला घातला ते असतं, आणि तो कागद हातात असला की कोणताही यूरॉलॉजिस्ट पुढचं सांगू शकतो.

पत्राच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच स्वतःकडे ठेवा. रिसेप्शनवर नुसता कागद ठेवून येऊ नका. तो टेबलावरून कुठे जातो ते मी पाहिलंय.

उत्तरात "ओपीडीत भेटावे" एवढंच आलं तरी जा, पण पत्राची प्रत घेऊन जा आणि स्टेंट काढायची तारीख डॉक्टरांकडून कार्डावरच लिहून घ्या. "दोन-तीन आठवड्यांनी बघू" हे उत्तर धरू नका, तारीख मागा. उत्तरच आलं नाही तर शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पोच जोडून तक्रार करता येते. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत नळी आत ठेवून बसू नका. जवळच्या दुसऱ्या यूरॉलॉजिस्टकडून ती काढून घ्या. बहुतेक मोठ्या माणसांत मूत्रमार्गात बधिर करणारी जेली घालून, दुर्बिणीतून काढतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात.

आणखी एक. स्टेंट असताना वारंवार लघवीला होणं, लघवी करताना कमरेत कळ येणं, चालल्यावर लघवी थोडी लालसर होणं हे बऱ्याच जणांना होतं. पाणी पीत राहा. पण थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा रक्ताच्या गुठळ्या पडल्या, तर रात्र असली तरी लगेच कॅज्युअल्टीत जा आणि पोहोचल्याबरोबर सांगा: "उजव्या बाजूला डीजे स्टेंट आहे."