प्रवचनाच्या टिपणाचा आराखडा: सोहिरोबांच्या एका पदावरून

प्रश्न: "काकांच्या वहीत 'हरिभजनावीण काळ घालवू नको रे' या सोहिरोबांच्या पदावरचं प्रवचन सलग लिहिलेलं आहे. चातुर्मासात आमच्या देवळात ते मला सांगायचंय, अर्धा तास मिळेल. मुख्य मुद्दे, त्यांना धरून कथा आणि शेवटचा संदेश असा आराखडा त्यातून कसा काढू? वाचून दाखवायचं नाहीये."

उत्तर:

वहीची पानं फोटोत दिलीत ते बरं केलंत, नेमकं बोलता येतं. काकांनी पदाचा चरणागणिक अर्थ लिहिला आहे आणि आठवली तशी कथा मध्येच घातली आहे. स्वतः सांगणाऱ्याला तेवढं पुरतं, कारण जोडणी त्याच्या डोक्यात असते. तुमच्यासमोर ती जोडणीच नाही. म्हणून आधी नवीन काही लिहू नका. पेन्सिल घेऊन प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तो काय काम करतो तेवढं एका शब्दात लिहा: आधार, अर्थ, दृष्टांत, उपदेश. जिथे यातलं काहीच लिहिता येत नाही, तिथे काका वाट सोडून गेले आहेत. तिसऱ्या पानावरचा चातुर्मासाच्या नियमांचा मजकूर तसाच आहे, तो आत्ताच बाजूला काढा.

मग समासातले 'उपदेश' तेवढे ओळीने वाचा. भीती सोडावी, नाम घ्यावं, अहंकार टाकावा, संतांची संगत धरावी, दया करावी. एकेक खरा आहे, पण एका प्रवचनाला पाच शेवट झाले. यातून एक निवडल्याशिवाय मुद्दे ठरवायला बसू नका, कारण मुद्दा म्हणजे त्या शेवटाकडे नेणारी पायरी. मी निवडला असता तो पदातच आहे: 'अनुभवावीण मान हालवू नको रे'. संदेश असा होईल: 'ऐकलेल्या गोष्टीला मान डोलावण्याआधी स्वतः दिवा नेऊन बघा.' 'अंतरीचा ज्ञानदिवा' पदात आहेच, त्यामुळे दिवा बाहेरून आणल्यासारखा वाटत नाही.

आता चरणांकडे या. चरणागणिक एक मुद्दा धरला तर अर्ध्या तासात नुसती धावपळ होईल. तीन पुरेत. पहिला, आपण नसलेल्या गोष्टीला भितो, हा दोरीच्या सापाचा चरण. दुसरा, न बघता बोलतो आणि न पटता मान हलवतो. 'आपुल्या मते उगीच चिखल कालवू नको' आणि 'मान हालवू नको' हे वेगवेगळ्या चरणांतले शेवट इथे एकत्र येतात. तिसरा, बघायची नजर संगतीतून मिळते. प्रत्येक मुद्दा पूर्ण वाक्यात लिहा. 'भीती' एवढंच लिहिलंत तर उभं राहिल्यावर त्या शब्दाचं काय करायचं होतं ते आठवत नाही. आणि प्रत्येक वाक्यापुढे 'म्हणून' लावून संदेश वाचून बघा. साप नाही, दोरी आहे, म्हणून दिवा नेऊन बघा. जुळलं. ज्या मुद्द्याला 'म्हणून' अडखळतो तो या प्रवचनातला नाही.

खरी मेहनत कथांची. वहीत तीन आहेत आणि तिन्ही चुकीच्या जागी आहेत असं माझं मत. काकांचा अनादर नाही, त्यांना त्या कुठूनही वळवता येत असतील.

एकनाथांनी कावडीतलं गंगेचं पाणी तहानेल्या गाढवाला पाजलं, ही कथा वहीत संतसंगतीखाली आहे. ती दयेची कथा आहे. श्रोते तिथे हळवे होतात, आणि तुम्ही परत 'संगत' म्हणालात की दुवा तुटतो. ओळखायची खूण सोपी आहे: कथा संपल्यावर तुमच्या तोंडी 'तर सांगायचा मुद्दा असा की' आलं, तर त्या कथेने मुद्दा सांगितलेला नाही. ही राखून ठेवा, 'जे का रंजले गांजले' घ्याल तेव्हा कामी येईल.

महादजी शिंद्यांची कथा काकांनी वैराग्याखाली लिहिली आहे. महादजींचे सरदार जिवबादादा बक्षी, म्हणजे आपल्या पेडण्याच्या केरीचे केरकर, यांच्यामुळे सोहिरोबा महादजींपुढे गेले. महादजींनी स्वतःची कविता दाखवली, ती यांना रुचली नाही, तसं तोंडावर सांगितलं, आणि महादजी रागावले तेव्हा 'अवधूत, नहीं गरज तेरी' म्हटलं, अशी ही आख्यायिका. भर तुम्ही कुठे देता यावर तिची जागा ठरते. 'गरज नाही' यावर दिला तर वैराग्य. पण एवढ्या मोठ्या सरदाराच्या कवितेला या माणसाने मान डोलावली नाही, यावर दिला की तीच कथा दुसऱ्या मुद्द्याची झाली. कथेतून मुद्द्यावर आणणारं हे वाक्य, मी त्याला वळण म्हणतो, आराखड्यात शब्दशः लिहायचं. कथा मात्र शब्दशः लिहायची नाही, नाहीतर तुम्ही ती वाचायला लागाल.

तिसरी फणसाची. सावंतवाडीहून बोलावणं आल्यामुळे सोहिरोबा बांद्याहून निघाले, वाटेत रानात फणस फोडून खायला बसले, समोर एक सिद्ध येऊन मागू लागला, यांनी दिला, आणि ते गहिनीनाथ निघाले. वहीत ती आरंभी परिचयात खर्ची पडली आहे. ती तिसऱ्या मुद्द्याला न्या, संगत कशी लाभली याचीच ती गोष्ट. परिचयाला दोन वाक्यं पुरेत. विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला त्यांचं नाव असल्याने तरुणांच्या कानावर ते असतंच.

पहिल्या मुद्द्याला कथा शोधू नका. दोरी-साप हाच दृष्टांत आहे, तो नीट रंगवा. संध्याकाळ, कुळागराची वाट, पायाखाली काहीतरी मऊ. घरी कोंकणी बोलणारे श्रोते असतील तर एवढा भाग सरळ कोंकणीतून सांगा आणि पदाच्या ओळीवर मराठीत या.

दुसऱ्या मुद्द्याचं पान असं दिसेल:

मुद्दा: न पटता मान हलवणं हे स्वतःला फसवणं.
आधार: 'अनुभवावीण मान हालवू नको रे'
कथा: केरी – जिवबादादा – महादजींची कविता – स्पष्ट उत्तर – राग – 'अवधूत'
वळण: 'सगळा दरबार मान हलवत असेल, हा एक माणूस हलवत नव्हता.'
पुढे: 'पण असं बघायची नजर येते कुठून?'

शेवटची ओळ विसरू नका. ती नसली की दोन मुद्द्यांच्या मध्ये 'आता पुढचा चरण घेऊया' असं होतं आणि प्रवचनाची शिकवणी होते.

वेळेसाठी प्रत्येक मुद्दा मोठ्याने बोलून घड्याळ लावा, मनात वाचून नाही. मनात वाचताना कथा निम्म्या वेळात संपते. आरंभी पद म्हणायला भजनी मंडळ असेल तर त्याचीही मिनिटं धरा. अभिषेकीबुवांमुळे चाल सगळ्यांना ठाऊक आहे, लोक सोबत म्हणतात आणि ते लांबतं. आरतीची वेळ झाली की पुजारी खुणा करतात, तेव्हा काय गाळायचं हे आधीच ठरवून समासात फुली मारा. माझ्या मते फुली फणसाच्या कथेवर. ती गेली तर तिसरा मुद्दा दोन वाक्यांत सांगून संदेशावर जाता येतं. महादजींची गेली तर संदेशाखालचा आधारच जातो.