'उरलेल्या रकमेचा' भाग: पट्टीची आकृती कशी काढायची?

प्रश्न: पगाराचा १/४ भाग भाड्यात गेला, उरलेल्याचा २/५ किराण्यात. २७,००० रुपये उरले, तर पगार किती? माझं उत्तर ७७,१४२ च्या पुढे दशांशात जातं.

उत्तर: तुम्ही १/४ आणि २/५ यांची थेट बेरीज केली आहे. पण १/४ पगाराचा आहे आणि २/५ उरलेल्याचा, म्हणून ते असे मिळवता येत नाहीत.

एक आडवी पट्टी काढून तिचे चार सारखे भाग करा. एक भाग भाडं, तो खोडा. आता उरलेल्या तीन भागांच्या बरोबर खाली, तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी काढा. तिचे पाच भाग करा. वरच्या रेघा खाली जुळणार नाहीत. जुळवायच्याही नाहीत, बहुतेक मुलं इथेच अडतात. पाचातले दोन किराण्याचे, ते खोडा.

आता खालून वर चला. उरलेले तीन भाग म्हणजे २७,०००, म्हणून एक भाग ९,०००. खालची अख्खी पट्टी ४५,०००. तीच वरचे तीन भाग, म्हणून वरचा एक भाग १५,००० आणि पगार ६०,००० रुपये.

ताळा: भाडं १५,०००, किराणा १८,०००, शिल्लक २७,०००.

गणितात 'उरलेल्या'ऐवजी 'पगाराच्या २/५' असतं, तर मात्र दुसरी पट्टी काढायची नाही. एकाच पट्टीचे वीस भाग करायचे.